सेल काढला, डिस्प्ले आला, विंडोज गेलं
गिरगावातल्या एका डीटीपी दुकानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गिरगावात एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर काकांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, सोसायटीच्या नोटिसा असली कामं. तुळशीचं लग्न लागलं की पुढचे दोन-तीन महिने त्यांना जेवायला फुरसत नसते. दुकानात एकच कामाचं मशीन. बाकी एक लॅपटॉप आहे, त्यावर फक्त मेल आणि व्हॉट्सअॅप चालतं.

हे मशीन 2019 मध्ये कुणीतरी असेंबल करून दिलेलं. प्रोसेसर नवव्या पिढीचा आय-फाइव्ह, पण नावाच्या शेवटी एफ अक्षर असलेला. एफ म्हणजे प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नाही, डिस्प्लेसाठी वेगळं कार्ड लागतंच. पत्रिकेच्या कामाला भारी कार्ड कशाला, म्हणून असेंबल करणाऱ्याने आधीच्या मशीनमधलं दहाएक वर्षं जुनं छोटं कार्ड काढून यात बसवलं. पैसे वाचले आणि सहा वर्षं कुणाची तक्रार नव्हती.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. काकांच्या पुतण्याने मनावर घेतलं की दुकानाचं मशीन विंडोज 11 वर न्यायचं. पोरगा बारावीत आहे, हुशार आहे. एक व्हिडिओ बघून त्याने नोव्हेंबरमधल्या एका रविवारी सकाळी बायोसमध्ये तीन गोष्टी बदलल्या. विंडोज 11 ला लागणाऱ्या टीपीएम या सुरक्षा चिपसाठी इंटेलचं पीटीटी चालू केलं, सीएसएम बंद केलं, आणि सिक्युअर बूट चालू केलं. मग F10 दाबून सेव्ह केलं. मशीन रीस्टार्ट झालं आणि मॉनिटरवर «नो सिग्नल» आलं, ते गेलंच नाही.

साडेअकराला काकांचा फोन आला. "अहो, उद्या सकाळी चारशे पत्रिकांची फाइल छापायला द्यायचीय, आणि मशीन मेलंय."

पुतण्याने आधी काय केलं होतं

मी दादरहून निघून चर्नी रोडला उतरेपर्यंत पुतण्याने नेटवर वाचून, बायोसची सेटिंगं पुसली जावीत म्हणून, बोर्डवरचा गोल सेल काढला होता. मिनिटभर थांबून परत बसवला. फरक शून्य. म्हणून त्याची खात्री झाली होती की बोर्ड जळला. बिचाऱ्याचा चेहरा पार उतरला होता.

मी कॅबिनेटमध्ये वाकून बघितलं तर मागे लॅन पोर्टचा छोटा हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हणजे केबल लावलेलीच होती. "प्लग काढला होतास का रे?" "दादा, मशीन बंद केलं होतं ना!"

घोळ तिथेच झाला होता. पुढच्या बटणाने मशीन बंद केलं तरी एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, बोर्डाला पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देतच राहतो. तो चालू असेपर्यंत घड्याळाच्या सर्किटला सेलची गरजच नसते. सेल तासभर बाहेर ठेवला असता तरी बोर्डाला तो गेल्याचं कळलं नसतं. त्यात दुकानात यूपीएस आहे. भिंतीवरचं बटण बंद केलं असतं तरी यूपीएसने पुरवठा चालूच ठेवला असता. केबल मशीनच्या मागून उपटायची, एवढाच खात्रीचा मार्ग.

नेमकं काय बिघडलं होतं

बोर्ड जळलाय की सेटिंग चुकलंय, हे आधी ठरवायचं होतं. मशीन चालू केलं. पंखे एका लयीत फिरत होते, चालू-बंद होत नव्हते. वीसेक सेकंद थांबून कीबोर्डवर नम लॉक दाबलं, दिवा लागला. परत दाबलं, विझला. हे बघून माझा जीव भांड्यात पडला. दिवा असा हुकमी लागत-विझत असेल तर प्रोसेसर आणि रॅम ठीक आहेत, फर्मवेअर आपली तपासणी संपवून पुढे गेलंय. आपल्याला फक्त दिसत नाहीये.

न दिसण्याचं कारण ते जुनं कार्ड. ग्राफिक्स कार्डवर एक छोटी चिप असते, त्यात स्क्रीन सुरू करण्याचा प्रोग्रॅम असतो. जुन्या कार्डांत तो जुन्या बायोसच्या पद्धतीचा असतो, आणि तो चालवायला सीएसएम लागतं. सीएसएम म्हणजे नव्या यूईएफआय फर्मवेअरने जुन्यांसाठी ठेवलेला दुभाष्या. तो घालवल्यावर बोर्ड आणि कार्ड एकमेकांशी बोलायचे बंद झाले. दुसरा कुठला डिस्प्ले असता तर तो चालला असता, पण एफ प्रोसेसरमुळे तोही नव्हता.

पुतण्याने एक चांगला प्रश्न विचारला. "रॅमचं सेटिंग चुकलं तर बोर्ड दोन-तीनदा बंद-चालू होऊन आपोआप मूळ सेटिंगवर येतो म्हणतात. मग इथे का नाही आला?" कारण बोर्डाच्या लेखी काही चुकलंच नव्हतं. रॅम चालत नाही तेव्हा फर्मवेअर मध्येच अडकतं आणि पुढच्या वेळी बरेच बोर्ड स्वतःच माघार घेतात. इथे ते शेवटपर्यंत सुखरूप पोचलं होतं आणि बहुधा सेटअपच्या पानावर आपली वाट बघत बसलं होतं, काळ्या पडद्यामागे. वाट बघत असणार, कारण या मशीनची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची निघाली. सीएसएम नसताना ती बूट होऊच शकत नाही. म्हणजे कार्ड नवं असतं तरी त्या दिवशी विंडोज आलं नसतंच, फक्त काय झालंय ते दिसलं असतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे यूईएफआयवर चालणारं कुठलंही कार्ड थोड्या वेळासाठी लावायचं, सेटअपमध्ये जायचं, आणि पुतण्याने बदललेल्या तीनच गोष्टी परत फिरवायच्या. बाकी कशाला हात नाही. हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. एरवी गिरगावातून लॅमिंग्टन रोड म्हणजे पायी पंधरा मिनिटं, ओळखीच्या दुकानातून कार्ड आणून तासाभरात परत देता येतं. पण रविवार. तिथली बहुतेक शटरं खाली.

दुसरा पर्याय आंधळेपणाने कळा दाबण्याचा. सेटअप समोर आहे असं धरून डिफॉल्टची कळ, मग एंटर, मग F10, परत एंटर. डिफॉल्टची कळ कुठल्या बोर्डवर F5, कुठे F7, कुठे F9. बोर्डाचं मॅन्युअल हाताशी असेल तर हे जमतं. पण आपण कुठल्या पानावर आहोत हेच दिसत नसताना मला ते जुगारासारखं वाटतं.

तिसरा पर्याय सीमॉस क्लिअर करण्याचा, म्हणजे बायोसची जपून ठेवलेली सेटिंगं पुसून बोर्ड मूळ सेटिंगवर आणण्याचा. दहा मिनिटांचं काम, हत्यार म्हणून एक स्क्रूड्रायव्हर. मी तो निवडला. तेव्हा मनात हिशेब एवढाच होता की पुतण्याने तीन गोष्टी बदलल्यात, त्या पुसायच्या. पण सीमॉस क्लिअर केल्याने शेवटचे तीन बदल पुसले जात नाहीत. 2019 पासून त्या मशीनवर कुणीही केलेला प्रत्येक बदल पुसला जातो, चुकीचाही आणि मुद्दाम केलेलाही. हे मला माहीत होतं. त्या दिवशी ते डोक्यात वर आलं नाही, एवढंच.

निदान एक गोष्ट विचारली होती. या मशीनवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, नाही ना? विंडोज होम, जुन्या पद्धतीने टाकलेलं, त्यामुळे नव्हतं. असतं तर 48 आकडी रिकव्हरी की हातात घेतल्याशिवाय मी पुढे गेलो नसतो. फर्मवेअरचा टीपीएम आणि बूटची सेटिंगं हलली की ती की मागितली जाण्याची दाट शक्यता असते.

सीमॉस क्लिअर

मशीनच्या मागची केबल काढली. मॉनिटरची केबलही काढली. पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरलं, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज निघून जातो. पंखा क्षणभर हलून थांबला, लॅनचा दिवा विझला. तो विझेपर्यंत पुढे जायचं नाही.

सेलच्या बाजूला दोन पिनांची जोडी असते. तिच्याजवळ कुठल्या बोर्डवर `CLR_CMOS`, कुठे `CLRTC`, कुठे `JBAT1` असं छापलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च पुतण्याच्या हातात दिला, नाव वाचून घेतलं आणि दोन्ही पिनांना एकदम स्क्रूड्रायव्हरचं टोक दहा सेकंद टेकवलं. शेजारी पुढच्या पॅनलच्या वायरींच्या तशाच पिना असतात, म्हणून नाव वाचल्याशिवाय टोक लावू नये. केबल लावलेली असताना तर नाहीच नाही.

सेलही काढला. मीटरवर 2.6 व्होल्ट आला. नवा सीआर 2032 तीन व्होल्टच्या जरा वर दाखवतो, त्यामुळे हा तसाही बदलायलाच आला होता. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याचं दुकान उघडं होतं, तिथून नवा आणला. तेवढ्यात दहा मिनिटं झालीच.

केबल लावून मशीन चालू केलं. पाच सेकंद चाललं, बंद पडलं, आपणच परत चालू झालं. काकांनी कपाळावर हात मारला. सीमॉस क्लिअर झाल्यावर बोर्ड रॅमची जुळणी नव्याने करतो, त्यात असं एक-दोनदा होतं. अशा वेळी घाबरून बटण दाबायचं नाही, मिनिटभर हात बांधून उभं राहायचं. मग पडदा उजळला:

```
Press F1 to Run SETUP
```

हा संदेश आला म्हणजे क्लिअर खरंच झालं. या बोर्डाच्या डिफॉल्टमध्ये सीएसएम चालू होतं, म्हणून जुनं कार्ड परत बोलायला लागलं. अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर डिफॉल्टच सीएसएम बंद असतं. तसा बोर्ड असता तर सेल काढून, पिना जोडून काहीही उपयोग झाला नसता, पडदा काळाच राहिला असता आणि सोमवारी कार्ड शोधावंच लागलं असतं.

इथे मी चुकलो

F1 दाबून आत गेलो. तारीख 2019 ची झाली होती. ती नीट केली. या सेटअपमध्ये आधी महिना, मग दिवस असतो. आपल्या सवयीने उलटं टाकलं की विंडोज चालू होतं, पण ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची तक्रार करतो आणि माणूस इंटरनेटवाल्याला फोन करत बसतो. तारीख टाकली, काका मागे उभे, दुपारचा दीड वाजलेला. बाकी पानं न बघता F10 दाबलं.

विंडोजचा लोगो आला, गोल फिरलं, आणि निळा पडदा:

```
INACCESSIBLE_BOOT_DEVICE
```

मशीन आपणच रीस्टार्ट झालं, परत तेच. तिसऱ्यांदा खाली `Preparing Automatic Repair` अशी ओळ दिसली आणि मी पॉवरचं बटण दाबून धरलं. एरवी मी असं कधी करत नाही. पण निळा पडदा म्हणत होता की विंडोजला आपली डिस्कच सापडत नाही. डिस्क काल होती आणि आज नाही, आणि मधे फक्त सेटिंगं पुसली गेली होती. दुरुस्तीचा प्रोग्रॅम अशा वेळी डिस्कवर लिहायला लागला तर काय होईल ते मला सांगता येत नव्हतं.

परत सेटअपमध्ये गेलो. बूटच्या यादीत एकाच मॉडेलच्या, एक टीबीच्या दोन डिस्क दिसल्या.

"काका, दोन डिस्क कशाला?"

"ते होय? मागे एकदा डिस्क गेली होती, सगळी डिझाइनं गेली. मग त्या माणसाने दोन बसवल्या. एक गेली तरी दुसरी चालते म्हणाला."

रेड वन, म्हणजे मिरर. दोन्ही डिस्कवर तंतोतंत एकच माल. असेंबल करणाऱ्याने 2019 मध्ये साटा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्क कशा हाताळायच्या ते सेटिंग, बदलून मिरर बांधला आणि त्यावर विंडोज टाकलं. माझ्या क्लिअरने साटा मोड डिफॉल्टवर, म्हणजे प्रत्येक डिस्क सुटी धरणाऱ्या एएचसीआयवर आला. आता बोर्डाला मिरर दिसत नव्हता, दोन सुट्या डिस्क दिसत होत्या. रेडवर टाकलेलं विंडोज एएचसीआयचा ड्रायव्हर बूटच्या वेळी चालू करत नाही, म्हणून निळा पडदा.

दुरुस्तीचा प्रोग्रॅम अडवला ते यासाठी. त्याने एका डिस्कवर काही लिहिलं असतं तर दुसरीवर ते गेलं नसतं. मिररची नोंद डिस्कवरच असते आणि त्या नोंदीला हे मागच्या दाराने झालेलं लिखाण कळत नाही. नंतर मिरर जुळवल्यावर तो «सगळं ठीक» म्हणाला असता आणि दोन डिस्कवर दोन वेगळ्या गोष्टी असत्या. कधी या डिस्कवरून वाचलं जाणार, कधी त्या. पत्रिकेवर नवरीचं नाव बरोबर आणि मुहूर्त जुना, असले प्रकार मग होतात.

परत जाग्यावर

साटाच्या पानावर `SATA Mode Selection` उघडलं. पर्याय दोन: `AHCI` आणि `Intel RST Premium With Intel Optane System Acceleration`. दुसऱ्या नावात रेड हा शब्दच नाही. ऑप्टेन, म्हणजे डिस्कचा वेग वाढवणारी इंटेलची मेमरी, या मशीनमध्ये कधी नव्हतं, त्यामुळे नवख्या माणसाने तो पर्याय आपला नाही म्हणून सोडून दिला असता. या पिढीच्या बोर्डांवर रेडचा मोड तोच. तो निवडून F10. या वेळी विंडोजच्या आधी दोन डिस्कची यादी आली, खाली `CTRL-I` ची ओळ, आणि मिररपुढे हिरव्या अक्षरांत `Normal`. मग विंडोज, काकांचा गणपतीचा वॉलपेपर, श्रीलिपीचा डोंगल, सगळं.

लगेच काम सुरू करू दिलं नाही. आधी सगळ्या डिझाइनांचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी केला. निळा पडदा येण्याआधी विंडोजचा बूट लोडर डिस्कवर थोडंफार लिहितोच, त्यामुळे दोन डिस्कमध्ये फरक पडला असणार असा माझा अंदाज होता. पत्रिकेची फाइल गेल्यावर सोमवारी संध्याकाळी इंटेलच्या रॅपिड स्टोरेजच्या प्रोग्रॅममधून मिररची पडताळणी लावली, रात्रभर चालली. थोड्या जागी फरक निघाला, प्रोग्रॅमने तो दुरुस्त केला. ही दुरुस्ती एका डिस्कचं दुसरीवर उतरवते, बरोबर कुठलं ते तिला ठरवता येत नाही. म्हणून कॉपी आधी.

निकाल

चारशे पत्रिका सोमवारी वेळेवर छापायला गेल्या. पण सोमवारी सकाळी नऊला काकांचा फोन परत आला. "परत मेलंय हो." मी गाडीत होतो, दाराशी लोंबकळत. विचारलं, बटण दाबलं का? "बटण? मी तर कधीच बटण दाबत नाही. यूपीएस लावला की आपोआप चालू होतं."

तेही कुणीतरी 2019 मध्ये करून दिलेलं होतं. `Restore AC Power Loss` हे सेटिंग `Power On` वर ठेवलेलं, क्लिअरने ते बंद केलं. काकांना वाटायचं सगळीच कॉम्प्युटरं अशी चालू होतात. त्यांनी बटण दाबलं, मशीन चालू झालं. संध्याकाळी जाऊन सेटिंग परत लावून आलो.

विंडोज 11 लग्नसराई संपेपर्यंत लांबणीवर टाकलं. विंडोज 10 ला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवायची सोय आहे, ती काकांसाठी करून दिली. पुढे करायचं तेव्हा क्रम पुतण्याला लिहून दिलाय. आधी यूईएफआयवालं कार्ड. मग बॅकअप. मग डिस्क एमबीआरवरून नव्या जीपीटी पद्धतीवर नेता येईल का, याची तपासणी:

```
mbr2gpt /validate /allowFullOS
```

ती पास झाली तर `/validate` च्या जागी `/convert`, आणि त्यानंतरच सीएसएम बंद. पुतण्याने तीनही सेटिंगं बरोबरच निवडली होती, त्याने ती शेवटी करायची ती सुरुवातीला केली.

पुन्हा अशी वेळ आली तर

नम लॉकचा दिवा लागत-विझत होता तेव्हाच मला कळलं होतं की मशीन जिवंत आहे आणि फक्त डिस्प्ले हवाय. तेव्हा मी सेलकडे न जाता कार्डाकडे जायला हवं होतं. लॅमिंग्टन रोड बंद होता हे खरं, पण शेजारच्या क्लासवाल्याच्या मशीनमध्ये कार्ड आहे का, हे मी विचारलंही नाही. नंतर कळलं की होतं. अर्ध्या तासाची उसनवारी, आणि मिररला धक्काही लागला नसता.

कार्ड मिळालंच नसतं तर क्लिअर करावंच लागलं असतं. पण मग कॅबिनेट उघडल्यावर दोन सारख्या डिस्क डोळ्यांसमोर होत्या, त्यांच्याबद्दल तेव्हाच विचारायला हवं होतं. आणि डिस्प्ले आल्यावर पहिल्या F10 च्या आधी साटाचं पान. आता मी क्लिअरनंतरचं पहिलं बूट दोन्ही डिस्कच्या डेटा केबल काढून करतो. सेटअप नीट लावून झाला की मशीन बंद करून केबल लावतो. विंडोजला लिहायला काही सापडतच नाही.

काकांच्या मशीनच्या सेटअपच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढले, ते त्यांच्याच व्हॉट्सअॅपवर आहेत. शिवाय कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक जुनी लग्नपत्रिका उलटी चिकटवलीय. तिच्या कोऱ्या बाजूवर पुतण्याच्या अक्षरात तीन ओळी आहेत: साटा मोड ऑप्टेनवाला, सीएसएम चालू, पॉवर आली की मशीन चालू. खाली तारीख, आणि सेल कधी बदलला ते.